वीस घटक तपासले, सहा लक्षणीय निघाले: त्यांतले किती धरायचे?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. अशुद्धी मर्यादेबाहेर गेल्याने काही बॅचेस नापास होतात. त्यामागचे कारण शोधण्यासाठी ६० बॅचेसच्या नोंदी घेतल्या (३६ पास, २४ नापास) आणि २० घटकांची एकेक करून तुलना केली. सहा घटकांची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली: विद्रावकातील पाणी ०.०००४, अभिकारक सोडण्याचा वेळ ०.००३१, रिअ‍ॅक्टरमधील कमाल तापमान ०.००७९, थंड करण्याचा वेळ ०.००८८, हवेतील आर्द्रता ०.०१९ आणि रात्रपाळी ०.०४१. आमचे साहेब म्हणाले, बॉन्फेरोनी करेक्शन लाव. ते लावल्यावर एकच घटक उरला. मग बाकीचे पाच खोटे होते का? हे करेक्शन आपल्याला नक्की कशापासून वाचवते?

उत्तर: करेक्शन लावायला सांगण्यात तुमच्या साहेबांचे काही चुकलेले नाही, पण त्यांनी सुचवलेली पद्धत तुमच्या सध्याच्या कामासाठी गरजेपेक्षा कडक आहे. पुढे कोणत्या घटकांवर चाचणी-बॅचेस घ्यायच्या एवढेच आत्ता ठरवायचे असेल, तर तुमच्या यादीत एक नव्हे, चार घटक राहतात. उरलेले दोन खोटे ठरले असे नाही, त्यांच्या बाजूने पुरेसा पुरावा जमलेला नाही, इतकेच.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येण्याचा अर्थ असा की, त्या घटकाचा नापास होण्याशी काडीमात्र संबंध नसता, तरीही इतका किंवा याहून मोठा फरक शंभरात पाचहून कमी वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. एकच घटक तपासला तर ही जोखीम आपण पत्करतो. पण तुम्ही वीस तपासले आहेत. समजा, विसांपैकी एकाचाही संबंध नव्हता आणि घटक एकमेकांपासून स्वतंत्र होते, तर वीसही वेळा योगायोग टळण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६ भरते. याचा अर्थ, निदान एक तरी खोटा शोध हाती लागण्याची शक्यता ६४ टक्के आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडणे तसे दुर्मीळ, पण वीस फांद्यांवर वीस कावळे बसवून आपण खाली टपून राहिलो, तर कोणती ना कोणती फांदी तुटायचीच, आणि तुटलेली तेवढी फांदी आपण अहवालात लिहितो.

मात्र तुमच्या बाबतीत एक गोष्ट दिलासा देणारी आहे. कशाचाच संबंध नसता तर ०.०५ च्या खाली सरासरीने एक घटक यायला हवा होता, तुमच्याकडे सहा आले. वीस स्वतंत्र तपासण्यांत सहा किंवा अधिक केवळ नशिबाने येण्याची शक्यता दहा हजारांत साधारण तीन इतकी कमी आहे. तुमचे घटक पूर्ण स्वतंत्र नाहीत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, तरी या नोंदींत काहीतरी खरे आहे हे जवळपास निश्चित समजा. अडचण एवढीच की सहांपैकी खरे कोणते हे ती सहाची संख्या सांगत नाही, आणि करेक्शनचे काम नेमके तिथे सुरू होते.

बॉन्फेरोनी पद्धत ०.०५ ला तपासण्यांच्या संख्येने भागते. तुमच्यासाठी रेषा ०.००२५ वर येते आणि तिच्या खाली फक्त विद्रावकातील पाणी राहते. या पद्धतीची हमी अशी की संपूर्ण यादीत एकही खोटा शोध शिरण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या वर जात नाही, मग घटक एकमेकांशी कसेही गुंतलेले असोत. हमी भक्कम आहे, पण तिची किंमत खऱ्या घटकांना मोजावी लागते, कारण मध्यम परिणाम असलेला खरा घटक ६० बॅचेसच्या नोंदींतून ०.००२५ च्या खाली क्वचितच पोहोचतो. जाता जाता एक सांगून ठेवतो: हीच हमी हवी असेल तर १९७९ मधली होल्मची पद्धत वापरा. ती सर्वांत लहान पी-व्हॅल्यूला २० ने, पुढच्या पी-व्हॅल्यूला १९ ने, त्यापुढच्या पी-व्हॅल्यूला १८ ने गुणत जाते आणि उत्तर ०.०५ च्या वर गेले की थांबते. बॉन्फेरोनीने टिकलेला घटक होल्मने कधीच जात नाही, उलट एखादा जास्तीचा मिळू शकतो. म्हणून तोंडी हिशेबाचा सोपेपणा सोडला तर साधे बॉन्फेरोनी वापरण्याचे मला आजवर कारण सापडलेले नाही. तुमच्या नोंदींत दुसरा घटक ०.००३१ गुणिले १९, म्हणजे ०.०५८९ वर अडकतो, त्यामुळे होल्मनेही एकच उरतो. अगदी थोडक्यात हुकला, पण हुकला.

दुसरी हमी वेगळ्या प्रकारची आहे. योआव बेन्जामिनी आणि योसेफ हॉचबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत ‘एकही खोटा नको’ असे म्हणत नाही. ‘जेवढे शोध जाहीर कराल, त्यांत खोट्यांचे प्रमाण सरासरीने ५ टक्क्यांच्या आत राहील’ असे ती म्हणते. तिचा हिशेब हाताने करून पाहण्यासारखा आहे, कारण नेमक्या एका जागी लोक चुकतात.

वीसही पी-व्हॅल्यू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा. पहिल्या क्रमांकाची रेषा ०.००२५, दुसऱ्याची ०.००५०, तिसऱ्याची ०.००७५, चौथ्याची ०.०१००, पाचव्याची ०.०१२५, अशी विसाव्यापर्यंत ०.०५. आता तुमचे आकडे त्यांच्यासमोर ठेवू. पाणी ०.०००४, रेषेच्या खाली. सोडण्याचा वेळ ०.००३१, खाली. कमाल तापमान ०.००७९, रेषा ०.००७५, म्हणजे किंचित वर. इथेच पेन खाली ठेवून ‘दोनच टिकले’ असे लिहिणारे बरेच भेटतात. पण ही पद्धत वरून खाली येत अडखळली की थांबणारी नाही. तिला खालून, विसाव्यापासून वर यायचे असते. विसावा, एकोणिसावा असे करत येताना जो पहिला घटक आपल्या रेषेच्या खाली सापडेल, तो आणि त्याच्याहून लहान पी-व्हॅल्यू असलेले सगळे टिकतात. तुमचा सहावा ०.०४१ (रेषा ०.०१५०) बाहेर, पाचवा ०.०१९ (रेषा ०.०१२५) बाहेर, आणि चौथा ०.००८८ हा ०.०१०० च्या आत. म्हणून चारही टिकले, आणि स्वतःच्या रेषेवर अडखळलेले कमाल तापमानही त्यांत आले. तिसऱ्याला चौथ्याने ओढून आत घेतले हे पहिल्यांदा ऐकताना पक्षपात वाटतो. पण ही पद्धत एकेका घटकाचा निवाडा करत नाही, ती संपूर्ण यादीबद्दल बोलते. चार शोध ०.००८८ च्या आत आहेत, तर तिथवर योगायोगाने यायचे ते सरासरीने २० गुणिले ०.००८८, म्हणजे ०.१८ इतकेच, आणि चारांत ०.१८ हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत बसते. मागचा विचार इतका साधा आहे.

आर ही संख्याशास्त्रातली संगणकभाषा वापरत असाल तर दोन ओळींत हे काम होते:

```
p <- c(0.0004, 0.0031, 0.0079, 0.0088, 0.019, 0.041, 0.074,
       0.12, 0.18, 0.23, 0.29, 0.34, 0.41, 0.47, 0.55,
       0.62, 0.70, 0.78, 0.87, 0.95)
round(p.adjust(p, method = "BH"), 4)
```

तुमच्या उरलेल्या चौदा पी-व्हॅल्यू मला माहीत नाहीत, म्हणून त्या जागी मी नमुन्यादाखल आकडे घातले आहेत. तुमच्या खऱ्या पी-व्हॅल्यू घाला. या आकड्यांवर पहिली सहा उत्तरे ०.००८०, ०.०३१०, ०.०४४०, ०.०४४०, ०.०७६० आणि ०.१३६७ येतात. तिसरा आणि चौथा यांचे उत्तर एकच कसे, असा प्रश्न पडला तर वरचे ओढून घेणे आठवा.

आता ती चूक सांगतो, जी मी दुसऱ्यांच्या कामात सर्वांत जास्त वेळा पकडली आहे. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आलेले घटक आधी गाळून घ्यायचे आणि मग फक्त त्यांनाच करेक्शन लावायचे. तुमच्या सहाच पी-व्हॅल्यू `p.adjust` ला दिल्यात तर आरला वाटते की एकूण तपासण्याच सहा होत्या. मग सहाव्याचे उत्तर ०.०४१ गुणिले ६ भागिले ६, म्हणजे पुन्हा ०.०४१ येते आणि सहाही घटक दिमाखात पास होतात. करेक्शन लावलेले असते, अहवालात तसे लिहिलेलेही असते, पण त्याने काहीच राखलेले नसते. दुसऱ्याचा अहवाल वाचताना हे ओळखण्याची खूण सोपी आहे: करेक्शननंतर एकही घटक गळला नसेल, तर एकूण किती तपासले हा आकडा आधी मागायचा.

हा आकडा वाटतो तितका सरळ नसतो, हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या बाजूला एका कारखान्यात मी अशाच नोंदी चाळल्या होत्या. कंडेन्सरच्या पाण्याच्या तापमानाची पी-व्हॅल्यू ०.०३ आली, कारणही पटण्यासारखे होते, आणि माझ्या शब्दावर तिथल्या मंडळींनी जवळजवळ तीन महिने थंड पाण्याची वेगळी सोय करून बॅचेस चालवल्या. नापास होण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. नंतर माझी त्या वेळची वही काढून बसलो, तेव्हा दिसले की ३४ घटक मी आधी सगळ्या वर्षासाठी, मग फक्त पावसाळ्यासाठी आणि मग पावसाळा वगळून, असे तीनदा तपासले होते. म्हणजे १०२ तपासण्या, ज्यांत कशाचाच संबंध नसला तरी सरासरीने पाच लक्षणीय निकाल येणारच होते. अहवालात मी ‘३४ घटक तपासले’ असेही लिहिले नव्हते, फक्त एकाची गोष्ट लिहिली होती. तुम्हीही आठवून पाहा: बॅचेसची सुरुवात दोन वेगवेगळ्या तारखांपासून धरून पाहिली का, एखादी विचित्र बॅच वगळून पुन्हा हिशेब केला का, अशुद्धीची मर्यादा थोडी सरकवली का? ज्या ज्या निकालाकडे ‘हा लक्षणीय निघाला तर घेऊ’ या नजरेने पाहिले, तो प्रत्येक निकाल मोजणीत धरावा लागतो. यावर कोणतेही सूत्र नाही, वही ठेवावी लागते.

पुढचा मुद्दा घटकांच्या आपसातील नात्याचा. अभिकारक भराभर सोडला की उष्णता एकदम बाहेर पडते आणि कमाल तापमान वर जाते, म्हणजे तुमचे दुसरे आणि तिसरे घटक ही बहुधा एकाच घटनेची दोन मापे आहेत. तसेच आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता चढलेली असते आणि पाणी शोषून घेणारा विद्रावक असेल तर पिंप उघडताना-ओतताना त्यात ओलावा शिरतो, त्यामुळे पहिला आणि पाचवा यांचीही सोयरीक असावी. बेन्जामिनी-हॉचबर्गची हमी स्वतंत्र तपासण्यांवर सिद्ध झाली, आणि एका विशिष्ट प्रकारच्या, एकाच दिशेने चालणाऱ्या नात्यांवरही ती टिकते असे २००१ मध्ये बेन्जामिनी आणि येकुतिएली यांनी दाखवले. नाते कसेही असले तरी चालावे अशी रेषा हवी असेल तर त्यांच्याच दुसऱ्या सूत्राने १ + १/२ + १/३ + … + १/२० या बेरजेने, म्हणजे जवळपास ३.६ ने आणखी भागावे लागते, आणि मग तुमच्याकडे पुन्हा फक्त पाणी उरते. कारखान्याच्या नोंदींसाठी मी सहसा इतक्या टोकाला जात नाही.

त्याऐवजी मी एक वेगळा प्रयोग करून पाहायला सांगतो, आणि ठाण्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांकडून तो पहिल्याच आठवड्यात करून घेतो. साठ बॅचेसच्या घटकांच्या नोंदींना हात लावायचा नाही, फक्त ‘पास-नापास’ हा रकाना पत्त्यांसारखा पिसायचा. आता कोणत्याच घटकाचा निकालाशी संबंध उरलेला नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते, पण घटकांची एकमेकांतली नाती मात्र शाबूत असतात. मग वीसही तपासण्या पुन्हा करायच्या आणि सर्वांत लहान पी-व्हॅल्यू टिपून ठेवायची. हे हजार वेळा करायचे:

```
set.seed(7)
lahan <- replicate(1000, {
  s <- sample(d$nikal)
  min(sapply(d[, 1:20], function(x)
    wilcox.test(x ~ s, exact = FALSE)$p.value))
})
quantile(lahan, 0.05)
```

इथे `d` च्या पहिल्या वीस रकान्यांत घटक, आणि `nikal` या रकान्यात पास किंवा नापास. रात्रपाळीसाठी ० आणि १ लिहिले तरी चालते. शेवटच्या ओळीत येणारा आकडा हीच तुमच्या स्वतःच्या नोंदींसाठीची ‘एकही खोटा नको’ रेषा. घटक एकमेकांत गुंतलेले असतील तर ती ०.००२५ पेक्षा थोडी सैल येते, कारण वीस घटक म्हणजे प्रत्यक्षात वीस वेगळ्या संधी नसतात. तुमचा दुसरा घटक ०.००३१ वर उभा आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा प्रयोग नुसता शिकण्यापुरता नाही, तो निकाल बदलू शकतो. मुलांना मात्र मी आधी `lahan` मधले आकडे नुसते वाचायला लावतो. पिसलेल्या, अर्थहीन रकान्यातून ०.०१, ०.००६ असे आकडे पुन्हा पुन्हा निघताना पाहिले, की ०.०१९ ची आर्द्रता पाहून कोणी उडी मारत नाही.

करेक्शन कशापासून राखत नाही, हेही लक्षात असू द्या. ते फक्त योगायोगापासून राखते. समजा पावसाळ्यात तुमचा कच्चा माल दुसऱ्या पुरवठादाराकडून आला असेल आणि खरा दोष त्या मालात असेल, तर आर्द्रतेची पी-व्हॅल्यू कितीही लहान येईल, कोणतेही करेक्शन तिला अडवणार नाही, आणि तरीही आर्द्रता हे कारण नसेल. रात्रपाळीचेही तसेच: नमुने रात्री घेऊन सकाळपर्यंत ठेवले जात असतील तर अशुद्धी रिअ‍ॅक्टरमध्ये नव्हे, नमुन्याच्या बाटलीत वाढलेली असू शकते.

आता पुढे काय करायचे ते. प्रक्रियेच्या मंजूर कागदपत्रांत बदल करायचा असेल, म्हणजे एकदा बदलल्यावर मागे फिरणे महाग असेल, तर होल्मच्या यादीवर थांबा. आज त्या यादीत फक्त विद्रावकातील पाणी आहे. चाचणी-बॅचेस कशावर घ्यायच्या एवढेच ठरवायचे असेल, तर चार घटकांची यादी घ्या, आणि सोडण्याचा वेळ व कमाल तापमान एकाच चाचणीत बसवता येतील का ते उत्पादन विभागाशी बोलून पाहा. ५ टक्क्यांचे प्रमाण हे पुष्कळ अभ्यासांवरची सरासरी आहे, त्यामुळे ‘चारांतला प्रत्येक ९५ टक्के खरा’ असे कोणाला सांगू नका. रेषेच्या अगदी कडेला असलेला थंड करण्याचा वेळ हा पाण्याइतका भरवशाचा नाही.

नव्या बॅचेसमध्ये मात्र काय तपासणार ते आधीच लिहून सही करून ठेवा. तीनच गोष्टी तपासायच्या ठरल्या तर बॉन्फेरोनीचीही रेषा ०.०१६७ वर येते, आणि मग मध्यम परिणामाच्या घटकालाही वाव मिळतो. किती बॅचेस लागतील याचा हिशेब करताना आत्ताच्या नोंदींत दिसलेला फरक जसाच्या तसा धरू नका. विसांतून जे घटक रेषा ओलांडून आले, त्यांच्या वाट्याला थोडा नशिबाचा हात लागलेला असतो, त्यामुळे त्यांचा खरा फरक बहुधा दिसला त्याहून लहान असतो. दिसलेल्या फरकाच्या दोन-तृतीयांश फरक धरून बॅचेस मोजाव्यात असा माझा स्वतःचा अंदाजे ठोकताळा आहे, नियम नव्हे. जुन्या ६० बॅचेस या नव्या हिशेबात मिसळू नका, कारण घटकांची निवड त्यांच्यावरच झालेली आहे. आणि आर्द्रतेसाठी वेगळी चाचणी न बसवता पिंप उघडल्यापासून ओतेपर्यंतचा वेळ आणि ओतण्याआधीचे पाण्याचे प्रमाण असे दोन रकाने बॅच शीटमध्ये आजपासूनच वाढवा. पुढचा पावसाळा संपेपर्यंत आर्द्रता पाण्यामार्फत काम करते की नाही, हे त्या दोन रकान्यांवरून बरेचसे कळेल.